मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी प्रश्नपत्रिका कशी उलगडून द्यावी

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी सायन्सला जातं आणि पहिल्या चाचणीचा फिजिक्सचा पेपर हातात घेऊन घरी येतं. तोंड उतरलेलं असतं. घरात, गल्लीत किंवा नात्यात कोणीतरी चार इयत्ता जास्त शिकलेलं असतं, मग आई म्हणते, "जरा याला पेपर समजावून सांग ना." हा लेख त्या समजावून सांगणाऱ्यासाठी आहे. आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे असं दर जुलै-ऑगस्टला होतं. धुळे, साक्री, शहादा, चोपडा, कुठंही गेलात तरी फार वेगळं नाही. विषय मी फिजिक्सच धरला आहे, कारण मुलं तिथंच सगळ्यात आधी अडतात.

सुरुवातीला मी स्वतः केलेली चूक सांगतो. माझी पुतणी अकरावीला गेली तेव्हा तिच्या पेपरावर मी प्रत्येक ओळीच्या वर पेन्सिलीने मराठी लिहून दिलं, अख्खा पेपर. तिने मराठी ओळी वाचून दहापैकी आठ गणितं सोडवली आणि आम्ही दोघं खूश झालो. पुढच्या चाचणीत तशीच गणितं आली, फक्त आकडे वेगळे होते, आणि तिने निम्मा पेपर कोरा ठेवला. पेन्सिलीची मराठी ओळ असली की डोळा खालच्या इंग्रजी ओळीकडे जातच नाही. तिला गणित येत होतं, पण इंग्रजी ओळीतून गणितापर्यंतचा रस्ता मी तिला चालूच दिला नव्हता. तेव्हापासून पेपरावर मराठी लिहायचं मी बंद केलं. पेपर कोरा ठेवायचा आणि मराठी तोंडी बोलायची.

बसायच्या आधी तीन गोष्टी जवळ घ्या. पेपरची स्वच्छ झेरॉक्स, एक वही, आणि बालभारतीचं नववीचं आणि दहावीचं विज्ञानाचं पुस्तक, मराठीतलं आणि इंग्रजीतलं दोन्ही. ही पुस्तकं दोन्ही माध्यमांत एकच आहेत. धड्यांचा क्रम तोच, आकृत्या त्याच. नववीचा पहिला धडा मराठीत 'गतीचे नियम', इंग्रजीत 'लॉज ऑफ मोशन'. दोन्ही शेजारी उघडून ठेवली की मराठी परिच्छेद जिथं आहे तिथंच इंग्रजी परिच्छेद सापडतो. बाजारातल्या कोणत्याही शब्दकोशापेक्षा ही जोडी मुलाला जास्त उपयोगी पडते, कारण मराठी बाजू त्याने वाचलेली असते. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

पहिलं काम: अडलंय कुठं ते ओळखणं

प्रश्न सुटला नाही म्हणजे इंग्रजी अडलं असंच नसतं. हे आधी तपासलं नाही तर तासभर शब्दार्थ सांगत बसाल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

तपासायची पद्धत साधी आहे. पेपर पालथा ठेवा. तोच प्रश्न आकडे बदलून, पुस्तकातल्या मराठीत तोंडी विचारा. सुटला तर अडचण भाषेची आहे, समासात 'भा' लिहा. नाही सुटला तर अडचण विषयाची आहे, 'वि' लिहा. सगळ्या पेपराला असं करून घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. 'वि' वाल्या प्रश्नांना त्या दिवशी हात लावू नका. त्यांच्यासाठी नववी-दहावीचं मराठी पुस्तक उघडून धडा पुन्हा वाचायचा, मग पेपर. फक्त 'भा' वाले प्रश्न घेऊन पुढं जा.

इथं एक खबरदारी. विचारताना पुस्तकातली मराठी वापरा, बोलण्यातली नको. आपण बोलताना सगळ्यालाच 'स्पीड' म्हणतो. पुस्तकात मात्र 'चाल' वेगळी आणि 'वेग' वेगळा. चालीला दिशा नसते, वेगाला असते. इंग्रजी पेपरात 'स्पीड' म्हणजे चाल आणि 'व्हेलॉसिटी' म्हणजे वेग. तुम्ही दोन्हींना वेग म्हणालात तर मूल पुढं अंतर आणि विस्थापन यांतही गोंधळ घालील, आणि तो गोंधळ तुम्ही दिलेला असेल.

प्रश्न मोठ्याने, मुलाच्याच तोंडून

प्रश्न तुम्ही वाचू नका, मुलाला वाचू द्या. जिथं जीभ अडते, तिथंच बहुधा अर्थही अडलेला असतो. एक प्रश्न घेऊ. मोठ्याने वाचला की जसा ऐकू येतो तसाच इथं लिहितो:

'अ ब्लॉक ऑफ मास टू किलोग्रॅम इज ॲट रेस्ट ऑन अ स्मूथ हॉरिझाँटल सरफेस. अ कॉन्स्टंट फोर्स ऑफ टेन न्यूटन ॲक्ट्स ऑन इट फॉर थ्री सेकंड्स. फाइंड द व्हेलॉसिटी ॲक्वायर्ड बाय द ब्लॉक अँड द डिस्टन्स कव्हर्ड बाय इट.'

पुतणीने हा प्रश्न वाचला आणि म्हणाली, "काका, हाई माले समजनं नही." मी विचारलं, कोणता शब्द? तिने 'ॲक्वायर्ड' आणि 'हॉरिझाँटल' दाखवले. लांब शब्द मुलांना भिववतात, म्हणून मुलं तेच दाखवतात. पण तिचं गणित त्या दोन शब्दांपाशी अडलं नव्हतं. ते अडलं होतं 'ॲट रेस्ट' आणि 'स्मूथ'पाशी, आणि हे दोन्ही शब्द आपल्याला येतात असं तिला वाटत होतं. रेस्ट म्हणजे आराम, स्मूथ म्हणजे गुळगुळीत. मग अडचण काय?

अडचण ही की फिजिक्सच्या पेपरात या दोन शब्दांच्या आत आकडे लपलेले असतात.

पण त्याआधी वाक्याची उलटापालट समजावून द्यावी लागते. मराठीत आपण म्हणतो, 'ठोकळ्याला मिळालेला वेग काढा.' क्रियापद शेवटी. इंग्रजीत 'फाइंड' आधी, मग 'व्हेलॉसिटी', आणि कोणता वेग ते त्याच्याही नंतर. मूल सवयीने पहिल्या शब्दापासून एकेक शब्दाचं मराठी लावत जातं आणि 'काढा वेग मिळवलेला ने ठोकळा' असं काहीतरी हाती येतं. तेव्हा त्याला असं करायला लावा: आधी आज्ञेचा शब्द शोध. फाइंड, कॅल्क्युलेट, डिटरमिन, यांपैकी एक असतोच, आणि बहुतेक वेळा शेवटच्या वाक्यात असतो. त्याच्याभोवती गोल कर. मग त्या वाक्याच्या शेवटापासून मागं येत मराठी लाव. 'बाय द ब्लॉक' ठोकळ्याने, 'ॲक्वायर्ड' मिळवलेला, 'व्हेलॉसिटी' वेग, 'फाइंड' काढा. ठोकळ्याने मिळवलेला वेग काढा. सरळ मराठी वाक्य तयार झालं. काय विचारलंय ते कळलं की मगच प्रश्नाच्या सुरुवातीला जायचं आणि काय दिलंय ते गोळा करायचं.

गोळा करताना आकृती काढायला लावा. एक आडवी रेघ, तिच्यावर चौकोन, चौकोनाला एक बाण. आकृतीला भाषा नसते, आणि चुकीचं समजलेलं तिथं लगेच दिसतं. 'हॉरिझाँटल'चा अर्थ न कळलेलं मूल उतार काढतं. तसा उतार दिसला की शब्द सांगा, क्षितिजसमांतर, आणि पुढं चला.

शब्दाच्या पोटातला आकडा

आता ते दोन शब्द. 'ॲट रेस्ट' म्हणजे ठोकळा स्थिर आहे, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, `u = 0`. पेपरात शून्य हा आकडा छापलेला नाही, तो 'रेस्ट' या शब्दात आहे. हे कळलेलं नसतं तेव्हा मूल एक ठरलेलं वाक्य बोलतं: "यात `u` दिलेलाच नाही." हे वाक्य ऐकलं की समजा, गणित येतंय, शब्दातला आकडा दिसत नाहीये. उत्तर सांगू नका. 'रेस्ट'वर बोट ठेवा आणि विचारा, "आराम करणारी वस्तू किती वेगाने पळते?"

'स्मूथ' म्हणजे घर्षण नाही. नुसता गुळगुळीत हा अर्थ घेऊन भागत नाही. फिजिक्सच्या पेपरात 'स्मूथ' लिहिलं की घर्षणबल धरायचंच नाही, आणि 'रफ' लिहिलं की धरायचंच. 'रफ' आलं तर घर्षणाची माहिती प्रश्नात कुठंतरी दिलेली असते, ती शोधायची. पुढच्या धड्यांत असाच 'लाइट' येतो. 'लाइट स्ट्रिंग' वाचून पुतणीने उजेडाची दोरी म्हटलं होतं. तिथं लाइट म्हणजे हलकी, आणि हलकी म्हणजे इतकी हलकी की दोरीचं वस्तुमान शून्य धरायचं. 'निग्लेक्ट एअर रेझिस्टन्स' आलं की हवेचा विरोध विचारात घ्यायचा नाही. शब्दकोशात निग्लेक्टला 'दुर्लक्ष करणे, हयगय करणे' असं सापडतं, त्याने मूल आणखी भांबावतं.

'कॉन्स्टंट' म्हणजे स्थिर, न बदलणारं. त्याचाच भाऊ 'युनिफॉर्म'. हा शब्द प्रत्येक मुलाला येतो, कारण शाळेचा युनिफॉर्म असतो. त्याचाच उपयोग करा. युनिफॉर्म म्हणजे सगळ्यांचा सारखा. 'युनिफॉर्म ॲक्सिलरेशन' म्हणजे प्रत्येक सेकंदाला सारखंच त्वरण, पुस्तकातलं 'एकसमान त्वरण'. पण 'युनिफॉर्म व्हेलॉसिटी' म्हणजे वेगच सारखा, मग त्वरण शून्य. शब्द एकच, पण कोणाला चिकटलाय त्यावर शून्य कुठं लिहायचा ते ठरतं.

एवढं झालं की वहीत मुलाने असं मांडायचं:

```
m = 2 kg
u = 0
F = 10 N
t = 3 s
v = ?     s = ?

F = ma        →  a = 10/2 = 5 m/s²
v = u + at    →  v = 0 + 5 × 3 = 15 m/s
s = ut + ½at² →  s = 0 + ½ × 5 × 9 = 22.5 m
```

वरच्या पाच ओळी म्हणजे प्रश्नाचं भाषांतर. खरं भाषांतर एवढंच हवं असतं, मराठी वाक्य त्या रस्त्यातला एक थांबा आहे. म्हणून मी मुलाला मराठी वाक्य वहीत लिहू देत नाही. इंग्रजी ओळ वाचायची, मराठीत बोलायची, आणि लिहायचं ते चिन्हांत. थोड्या दिवसांनी मधली मराठी मनातल्या मनात होते आणि मग तिला वेळ लागत नाही.

छोटे शब्द जास्त घात करतात

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट इथं आहे. लांब शब्द थोडेच असतात आणि तेच तेच येतात. एका धड्यात वीस-पंचवीस. महिन्याभरात पाठ होतात. मुलं खरी बुडतात ती 'ॲट', 'टू', 'बाय', 'फ्रॉम', 'फॉर' यांच्यात.

कारण मराठीत हे काम शब्दाच्या शेपटीला लागलेला प्रत्यय करतो. घराला, घराने, घरातून, घरापर्यंत. इंग्रजीत तोच प्रत्यय सुटा होऊन शब्दाच्या आधी उभा राहतो, आणि मराठीत वाचायला शिकलेला डोळा त्याला ओलांडून पुढच्या मोठ्या शब्दावर जातो.

'रेस्ट'चंच बघा. 'अ कार मूव्हिंग विथ व्हेलॉसिटी ट्वेंटी मीटर पर सेकंड इज ब्रॉट टू रेस्ट इन फोर सेकंड्स.' पुतणीने मागच्या गणितावरून लगेच `u = 0` लिहिलं. रेस्ट दिसलं, शून्य टाकलं. पण इथं 'ॲट रेस्ट' नाही, 'टू रेस्ट' आहे. 'ॲट' म्हणजे स्थिर अवस्थेत, सुरुवातीलाच. 'टू' म्हणजे स्थिर अवस्थेपर्यंत आणली, म्हणजे शेवटी. तेव्हा शून्य `v` ला जातो आणि `u` होतो 20 m/s. त्वरण येतं -5 m/s², ऋण, कारण गाडी मंदावते. एका छोट्या शब्दाच्या फरकाने शून्याची जागा बदलली. हे तिला कळलं तेव्हा तिने सगळा पेपर पुन्हा काढला आणि प्रत्येक 'टू'भोवती गोल केले. ते मी तिला सांगितलं नव्हतं, पण आता मी सगळ्या मुलांना सांगतो.

दुसरी जोडी 'बाय' आणि 'टू'ची. उष्णतेच्या धड्यात हमखास येते. समजा १०० ग्रॅम पाणी २० अंश सेल्सिअसला आहे. एका प्रश्नात लिहिलंय, 'इट्स टेंपरेचर इज रेझ्ड बाय फिफ्टी डिग्रीज.' दुसऱ्यात, 'इज रेझ्ड टू फिफ्टी डिग्रीज.' पहिल्यात तापमान ५० ने वाढलं, २० वरून ७० झालं. दुसऱ्यात ५० पर्यंत वाढलं, म्हणजे वाढ फक्त ३० ची. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता एका ग्रॅमला एका अंशासाठी १ कॅलरी धरली तर पहिलं उत्तर ५००० कॅलरी आणि दुसरं ३००० कॅलरी. बहुपर्यायी प्रश्न असेल तर दोन्ही उत्तरं पर्यायांत बसलेली असतात, त्यामुळे आपलं चुकलंय अशी शंकासुद्धा मुलाला येत नाही.

हे समजावायला आपल्याकडे कापूस आहे. कापसाचा भाव ५०० ने वाढला आणि कापसाचा भाव ७५०० पर्यंत गेला, या दोन वाक्यांतला फरक खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात चौथीतलं मूलही सांगतं. 'ने' म्हणजे बाय, 'पर्यंत' म्हणजे टू. पुतणीने हे एकदा ऐकलं आणि पुन्हा कधी चुकली नाही.

आणखी एक सांगून ठेवा. वरच्या ठोकळ्याच्या प्रश्नातही 'बाय द ब्लॉक' होतं. तिथं 'बाय' म्हणजे ठोकळ्याने, करणारा तो. आकड्याच्या आधीचा 'बाय' म्हणजे इतक्याने. गंमत अशी की मराठीतही दोन्हीकडे 'ने'च आहे, म्हणून मुलाला हे पटकन पटतं.

'रेट' हाही शब्द इथंच उरकून घ्या. 'द रेट ऑफ चेंज ऑफ व्हेलॉसिटी' ही त्वरणाची व्याख्या मुलं अर्थ न कळता घोकतात. पण रेट हा शब्द मार्केट यार्डातून घरी आलेलाच असतो. कापसाचा रेट म्हणजे दर क्विंटलला इतके रुपये. तसं त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात इतका बदल. पुस्तकातली मराठीही तेच म्हणते, 'वेगातील बदलाचा दर'. अर्थ कळला की व्याख्या पाठ करायला निम्मा वेळ लागतो.

'रिस्पेक्टिव्हली' आणि 'नॉट'

बहुपर्यायी प्रश्नांत हे दोन शब्द वेगळे शिकवावेच लागतात. 'इफ द व्हेलॉसिटी ऑफ अ बॉडी इज डबल्ड, इट्स मोमेंटम अँड कायनेटिक एनर्जी बिकम, रिस्पेक्टिव्हली…' पर्याय असतात 'दुप्पट, चौपट' आणि 'चौपट, दुप्पट', शिवाय आणखी दोन. संवेग `mv`, म्हणून दुप्पट. गतिज ऊर्जा `½mv²`, म्हणून चौपट. पुतणीला दोन्ही येत होतं, तरी तिने उलटा पर्याय निवडला, कारण तिने 'रिस्पेक्टिव्हली'चा संबंध रिस्पेक्टशी, म्हणजे आदराशी लावला आणि तो शब्द बिनकामाचा म्हणून सोडून दिला. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने उत्तर. असा प्रश्न आला की मोमेंटमवर १ आणि कायनेटिक एनर्जीवर २ लिहायला लावा, आणि पर्यायातल्या शब्दांवरही तसेच आकडे. आणि हो, 'बॉडी' म्हणजे वस्तू, शरीर नव्हे. हे सांगायचं राहून गेलं तर पोरं माणूस पळतोय असं समजून वाचतात.

'विच ऑफ द फॉलोइंग इज नॉट…' यातला 'नॉट' सुटला की मूल पहिलाच खरा पर्याय निवडून मोकळं होतं. त्याला ठळक गोल, एवढंच.

आज्ञेचे शब्द आणि पहिलं पान

सिद्धान्ताच्या प्रश्नांत आज्ञेचा शब्द उत्तराची लांबी ठरवतो. 'स्टेट' म्हणजे फक्त सांगा. नियम दोन ओळींत लिहायचा, कारणं द्यायची नाहीत. मराठीत स्टेट म्हणजे राज्य, आणि पुस्तकात स्थायू-द्रव-वायू याही 'स्टेट्स', त्यामुळे नवीन मूल इथं थबकतं. 'डिफाइन' म्हणजे व्याख्या. 'डिराइव्ह' किंवा 'ऑब्टेन ॲन एक्स्प्रेशन' म्हणजे सूत्र पायरीपायरीने मिळवून दाखवा. 'डिस्टिंग्विश बिटवीन' म्हणजे फरक स्पष्ट करा. 'हेन्स' मात्र नीट थांबून सांगा. 'स्टेट न्यूटन्स सेकंड लॉ. हेन्स डिराइव्ह…' यातला हेन्स म्हणजे 'म्हणून' एवढाच नाही. आत्ता जे लिहिलं त्याच्याच आधारे पुढचं मिळवा, असा तो आदेश आहे. दुसऱ्या वाटेने आणलेलं सूत्र बरोबर असलं तरी प्रश्नात मागितलेलं उत्तर ते नसतं.

पेपराचं पहिलं पान मुलं वाचत नाहीत, कारण ते सगळं इंग्रजीत आणि बारीक असतं. ते एकदा त्यांच्याकडून वाचून घ्या. बारावी बोर्डाच्या फिजिक्सला ७० गुणांचा पेपर आणि तीन तास असतात. 'सेक्शन बी'मध्ये दोन गुणांचे १२ प्रश्न असतात आणि वर लिहिलेलं असतं 'अटेम्प्ट एनी एट', कोणतेही आठ सोडवा. हे न वाचता बाराही लिहीत बसलेलं मूल शेवटच्या चार गुणांच्या प्रश्नांना वेळ ठेवत नाही. बहुपर्यायी प्रश्नाचं पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासतात, हेही तिथंच दिलेलं असतं. लॉग टेबल चालतं, कॅल्क्युलेटर नाही.

तीन रकान्यांची वही

शब्दांसाठी वेगळी वही करा आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी शब्द, पेपरात होता तसा. दुसऱ्यात पुस्तकातला मराठी शब्द. तिसऱ्यात घरच्या बोलीत त्याचं काय, किंवा तो आकड्यात काय होतो ते. 'ॲट रेस्ट', 'स्थिर', `u = 0`. 'रेझ्ड बाय', 'ने वाढवले', 'भाव पाचशेने'. तिसरा रकाना मुलानेच भरायचा. आमच्या पुतणीने त्यात अहिराणी लिहिली आणि ते शब्द तिला कायमचे राहिले. अहिराणी लिहू दिली म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या, वही तिची आहे.

धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसोबत बसाल तर हे आणखी सांभाळा. त्यांच्यासाठी पुस्तकातली मराठीसुद्धा शाळेतच शिकलेली भाषा आहे. 'क्षितिजसमांतर' सांगून त्यांना 'हॉरिझाँटल' कळेलच असं नाही. त्यांना आडवा हात करून दाखवा, वस्तू ढकलून दाखवा, चित्र काढा. तिथं दुसरा रकाना मागं ठेवून तिसरा आधी भरावा.

पुस्तकी मराठी शब्द अडला तर राज्य शासनाचे पारिभाषिक कोश `shabdakosh.marathi.gov.in` वर आहेत. पण अकरावीच्या पुढं एक मर्यादा लक्षात ठेवा. 'मोमेंट ऑफ इनर्शिया'ला मराठीत 'जडत्व आघूर्ण' म्हणतात, पण हा धडा मूल पहिल्यांदाच इंग्रजीत शिकत असतं, आणि आघूर्ण हा शब्द त्याला मोमेंटपेक्षाही परका असतो. अशा ठिकाणी मराठी शब्दाचा आग्रह सोडा. इंग्रजी शब्द ठेवून मराठीत कल्पना सांगा: फिरणाऱ्या वस्तूला थांबवणं किंवा फिरवणं किती जड जातं त्याचं माप. याच कारणासाठी, नीटचा पेपर मराठीतूनही निवडता येतो म्हणून लगेच तो निवडू नका. एक जुना मराठी पेपर मुलाला सोडवायला देऊन बघा. दोन वर्षं इंग्रजी पुस्तक वाचलेल्या मुलाला तो कधी कधी जास्त अवघड जातो. त्या पुस्तिकेत इंग्रजी प्रश्नही सोबत असतो, आणि दोहोंत फरक निघाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

हात काढून घेणं

पहिल्या पेपराला तुम्ही प्रत्येक 'भा' प्रश्नाशी थांबाल. दुसऱ्या पेपराला मुलाने आधी एकट्याने गोल करायचे, आकृती काढायची, दिलेल्या गोष्टी चिन्हांत लिहायच्या, आणि मग तुमच्याकडे यायचं. तुम्ही फक्त त्या चार-पाच ओळी तपासा. `u`, `v`, `t` बरोबर उतरले असतील तर बोलू नका, भाषेचं काम झालेलं आहे. चुकले असतील तर उत्तर न सांगता चुकलेल्या शब्दावर बोट ठेवा. तिसऱ्या पेपराला घड्याळ लावा. घड्याळ आधीच लावलं तर मूल पुन्हा अंदाजाने वाचायला लागतं, म्हणून ते शेवटी.

उत्तर इंग्रजीत लिहायची भीती राहतेच. गणितांत वाक्यं फारशी लागत नाहीत: दिलेलं, सूत्र, किंमती, उत्तर आणि एकक. सिद्धान्तासाठी प्रत्येक धड्यातली व्याख्या आणि नियम इंग्रजी पुस्तकातल्याच शब्दांत, रोज दोन, न बघता लिहून घ्या. स्वतःचं इंग्रजी वाक्य जुळवायला पहिल्या सहामाहीत सांगू नका. त्यात विषयापेक्षा व्याकरणावर वेळ जातो.

पुतणी दिवाळीनंतरच्या चाचणीचा पेपर घेऊन आली तेव्हा त्यावर पेन्सिलीचे गोलच गोल होते, मराठी एक अक्षर नव्हतं. तिला विचारायचा होता एकच प्रश्न, 'टर्मिनल व्हेलॉसिटी'चा. मी पेपर पालथा ठेवला आणि मराठीत विचारलं. तिला तेही येईना. समासात 'वि' लिहिलं आणि आम्ही पुस्तक उघडलं.